हललेला वाघ आणि फोकस चुकलेला वाघ

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ असलेले टिपेश्वर अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचे आहे. एवढ्याशा जंगलात जन्मलेले वाघ वयात आले की बाहेर पडतात, शेतांतून आणि गावांच्या कडेने चालत राहतात, आणि मग ‘हा वाघ कोणता?’ हा प्रश्न दूरवर विचारला जातो. टिपेश्वरचा एक तरुण नर २०१९ मध्ये चालत चालत बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत पोहोचला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याची वाट कळली. बहुतेक वाघांच्या गळ्यात ती नसते. त्याच्या आदल्या वर्षी राळेगाव आणि पांढरकवडा तालुक्यांत टी-१ वाघिणीचा शोध महिनोन्महिने चालू होता. तेरा माणसांच्या मृत्यूंशी तिचा संबंध जोडला गेला होता आणि २ नोव्हेंबर २०१८ रोजी बोराटीच्या जंगलात तिला गोळी लागली. अशा वेळी फोटोतला वाघ कोणता हे ठरवणे ही हौस राहत नाही. वाघाची ओळख त्याच्या पट्ट्यांवरून पटते. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, इतकेच काय, एकाच वाघाची डावी आणि उजवी कूसही जुळत नाही. २०१८ च्या देशव्यापी गणनेत २४६१ वाघ असे वेगवेगळे ओळखले गेले, तेही पट्टे जुळवणाऱ्या संगणकाच्या मदतीने. पण पट्टे जुळवायचे तर ते आधी दिसले पाहिजेत, आणि हाती येणाऱ्या फोटोंमध्ये अस्पष्ट फोटो पुष्कळ असतात. अशा फोटोतून काय परत मिळवता येते आणि काय कायमचे गेलेले असते, हा या पुस्तकाचा विषय आहे. माझे म्हणणे असे, की उत्तर फोटो किती अस्पष्ट आहे यापेक्षा तो कशामुळे अस्पष्ट झाला यावर अधिक अवलंबून असते.

हात किंवा गाडी हलल्यामुळे बिघडलेला फोटो आणि फोकस चुकल्यामुळे बिघडलेला फोटो मोबाइलच्या पडद्यावर बहुधा सारखेच दिसतात. दोन्हींना आपण ‘ब्लर’ म्हणून मोकळे होतो. फाइल शंभर टक्के मोठी करून पाहिली, की फरक कळतो. त्यासाठी फोटोत एखादा बारीक चमकता ठिपका शोधावा: पानावरचे दव, पाण्यावरची तिरीप, वाघाच्या डोळ्यातला उजेड. कॅमेरा हलला असेल तर तो ठिपका एका बारीक रेघेत ओढला गेलेला दिसतो. रेघ कधी सरळ, कधी आकड्यासारखी वळलेली असते, पण फोटोभर सगळ्या ठिपक्यांची साधारण तशीच असते. फोकस चुकला असेल तर ठिपक्याची गोल चकती होते, आणि फोटोत दुसरीकडे, वाघाच्या पुढे किंवा मागे, काहीतरी लखलखीत स्पष्ट असते: गवताचे पाते, सागाची डहाळी. कॅमेऱ्याने वाघाऐवजी त्यावर फोकस धरलेला असतो. तिसरा प्रकारही लक्षात ठेवावा. झाडे स्पष्ट आणि वाघाचा फक्त पाय पुसट असेल तर हलला तो वाघ, कॅमेरा नव्हे. झाडाला बांधलेल्या ट्रॅप कॅमेऱ्याच्या रात्रीच्या फोटोंत हे बरेचदा घडते. पाय, मान, धड प्रत्येकाने वेगळी हालचाल केलेली असल्यामुळे त्या फोटोचे गणित निराळेच होते, आणि ते या प्रस्तावनेत घेतलेले नाही.

आता रेघ आणि चकती यांचा हिशोब पाहू. सगळा विषय या हिशोबावर उभा आहे. वाघाच्या अंगावरच्या एका बिंदूतून आलेला प्रकाश सेन्सरच्या एकाच पिक्सेलवर पडावा अशी अपेक्षा असते. कॅमेरा १२ पिक्सेल हलला तर तो प्रकाश एका ओळीतल्या १२ पिक्सेलांत वाटला जातो. फोकस चुकून १२ पिक्सेल व्यासाची चकती झाली तर तोच प्रकाश सुमारे ११३ पिक्सेलांत पसरतो. नुसत्या डोळ्यांना दोन्ही ‘१२ पिक्सेलचा ब्लर’ वाटतात. प्रत्यक्षात पहिल्यात प्रत्येक पिक्सेलवर १२ बिंदूंची सरमिसळ झाली आहे आणि दुसऱ्यात शंभराहून जास्त बिंदूंची. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रेघेला दिशा असते. कॅमेरा वरून खाली हलला असेल तर उभे तपशील जवळपास शाबूत राहतात, कारण उभी रेघ उभीच ओढली गेल्याने फारसे काही बिघडत नाही. वाघाच्या कुशीवरचे पट्टे बहुतांशी उभेच असतात आणि शटरचे बटण जोरात दाबल्याने बसणारा झटकाही बहुतेकदा खालच्या दिशेने असतो. त्यामुळे हललेल्या फोटोतही पट्टे टिकलेले सापडतात, हा छायाचित्रकाराच्या पदरात पडलेला मोठाच फायदा. चकतीला मात्र दिशा नाही. ती आडवे, उभे, तिरपे सगळेच सारखे पुसते.

एक उदाहरण आकड्यांत मांडतो. टिपेश्वरच्या सुन्ना गेटमधून पहाटे आत गेलेल्या जिप्सीतून ४० मीटरवरचा वाघ टिपला आहे असे धरू. लेन्स ३०० मिलिमीटरची, छिद्र एफ ५.६, कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम. या मांडणीत एक पिक्सेल म्हणजे वाघाच्या अंगावरचे सुमारे ०.८ मिलिमीटर. पहिल्या फोटोत शटर १/६० सेकंद उघडे होते आणि तेवढ्यात कॅमेरा १२ पिक्सेल फिरला. यासाठी सेकंदाला एक अंशाहूनही कमी वेग पुरतो. चालू इंजिनाची थरथर आणि लांब लेन्स एकत्र आल्या की एवढे सहज होते. दुसऱ्या फोटोत कॅमेरा स्थिर होता, पण फोकस ३४ मीटरवरच्या गवतावर बसला. सहा मीटरच्या या चुकीने वाघावर जवळपास १२ पिक्सेलची चकती होते. म्हणजे दोन्ही फोटो वरवर सारखेच बिघडले.

आता या दोन फोटोंत कोणत्या आकाराचा तपशील किती उरला ते पाहू. एक काळी आणि एक पांढरी पट्टी मिळून ५ पिक्सेल, म्हणजे वाघाच्या अंगावर ४ मिलिमीटर, एवढा बारीक तपशील घेऊ: कानाच्या फाटलेल्या कडेचे दाते किंवा जुन्या जखमेचा व्रण. हलल्याच्या दिशेत या तपशिलाचा उठाव मूळच्या सुमारे १३ टक्के उरतो. तिच्या काटकोनातल्या दिशेत तो पुरा राहतो. चकतीच्या फोटोत तो सगळ्याच दिशांना साडेतीन टक्क्यांच्या आसपास येतो. उरलेला उठाव मूळ पातळीवर आणायचा तर पहिल्या फोटोत तो आठ पटींनी वाढवावा लागेल आणि दुसऱ्यात अठ्ठावीस पटींनी. आणि वाढवताना नॉइजही तेवढाच वाढतो. पहाटेच्या उजेडात आयएसओ ३२०० ठेवलेला असेल आणि त्या तपशिलाचा मूळ उठाव २५५ पैकी ४० पायऱ्यांचा असेल, तर हललेल्या फोटोत पाच पायऱ्या उरतात आणि फोकस चुकलेल्यात दीड पायरीसुद्धा नाही. नॉइज तीन पायऱ्यांचा धरला तर पाच पायऱ्यांचा तपशील त्याच्यावर डोके काढतो आणि दीडचा त्यात बुडतो. बुडालेला आकडा कितीही पटींनी गुणला तरी हाती नॉइजच येतो. शिवाय काही मापे दोन्ही फोटोंत पूर्णपणे शून्य होतात. काळी-पांढरी जोडी मिळून बरोबर १२ पिक्सेल भरत असेल तर १२ पिक्सेलांच्या रेघेत दोन्हींची सरासरी होऊन सपाट करडा रंग उरतो. शून्याला कितीने गुणावे याला उत्तर नाही. हलण्याच्या बाबतीत हे शून्य एकाच दिशेत पडते, चकतीच्या बाबतीत चहूकडे.

इथे एक आशादायक गोष्ट सांगायला हवी, आणि ती दोन्ही फोटोंना लागू आहे. ओळख पटवण्यासाठी ४ मिलिमीटरचा तपशील लागतच नाही. कुशीवरचा काळा पट्टा आणि शेजारची नारिंगी जागा मिळून ४ सेंटिमीटर धरली तर ती सुमारे ५० पिक्सेल होते, आणि १२ पिक्सेलच्या ब्लरमध्ये, मग तो कुठलाही असो, तिचा नव्वद टक्क्यांहून अधिक उठाव शाबूत असतो. हा फोटो दुरुस्त करण्याचीही गरज नाही. तो लहान करून पाहिला तरी पट्टे जुळवता येतील. प्रश्न उभा राहतो तो चूक मोठी असते तेव्हा. समजा, फोकस वाघावर बसण्याऐवजी २० मीटरवरच्या डहाळीवर बसला. मग वाघावर सुमारे ६७ पिक्सेलची चकती होते, आणि ५० पिक्सेलच्या पट्ट्यांचे काहीतरी विचित्र होते: ते नुसते पुसट होत नाहीत, उलटे होतात. जिथे काळा पट्टा तिथे फिकट, जिथे नारिंगी तिथे गडद, असा सहा-सात टक्क्यांचा क्षीण भास उरतो. हा भ्रम नव्हे, चकतीच्या गणिताचा थेट परिणाम आहे. असा फोटो पट्टे जुळवणाऱ्याच्या हाती आला आणि त्याने ‘पुसट असले तरी पट्टे दिसतात’ असे म्हटले, तर तो पट्ट्यांच्या मधल्या जागा पट्टे म्हणून जुळवत बसेल. थोडा फोकस चुकलेला फोटो आणि बराच चुकलेला फोटो यांत फरक नुसता प्रमाणाचा नाही. पहिला कमी सांगतो, दुसरा खोटे सांगतो.

पुसटपणा काढण्याच्या गणिताला बिंदूचा ठसा, म्हणजे ती रेघ किंवा चकती, माहीत असावी लागते. हललेल्या फोटोत तो सगळीकडे जवळपास एकच असतो, कारण कॅमेरा फिरला की समोरचे सगळे मिळून सरकते. गवत, वाघ, मागचा साग, सगळ्यांवर तीच रेघ. म्हणून ती फोटोतूनच शोधून काढता येते. रॉब फर्गस आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हे एका सुट्या फोटोवरून करून दाखवले आणि त्यानंतर या विषयाला वेग आला. फोकस चुकलेल्या फोटोत मात्र चकतीचा आकार अंतरागणिक बदलतो. वाघ कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा असेल तर त्याच्या नाकाची चकती वेगळी आणि शेपटीच्या बुडाची वेगळी. एकच चकती धरून सगळा फोटो दुरुस्त केला तर एक भाग कमी दुरुस्त होतो आणि दुसरा फाजील, आणि त्या दुसऱ्या भागात प्रत्येक कडेला समांतर अशा खोट्या रेघा उमटतात. वाघाच्या बाबतीत ही साधी कुरूपता नाही. काळ्या पट्ट्याशेजारी नसलेला बारीक पट्टा उगवणे म्हणजे ओळखीचा पुरावाच बदलणे.

यावरून हललेला प्रत्येक फोटो वाचवता येतो असे मात्र कोणी समजू नये. १२ पिक्सेलची सरळ रेघ आणि ८० पिक्सेलचा वेडावाकडा आकडा यांत मोठे अंतर आहे. कॅमेरा स्वतःभोवती गोल फिरला असेल तर मध्यभागी आणि कोपऱ्यात ठसे निराळे पडतात. उजळ जागा पांढऱ्याफटक झालेल्या असतील तर तिथली बेरीज चुकलेलीच असते आणि त्यांच्याभोवती दुरुस्तीत कडी उमटतात. आणि सगळ्यात जास्त फोटो जातात ते फॉरवर्ड होताना. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या दर्जात पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलांपर्यंत लहान होतो. ६००० पिक्सेलांच्या फोटोतला ५ पिक्सेलचा तपशील त्यात मुळातच मावत नाही, आणि जे मावते त्यावर जेपेगच्या चौकोनी तुकड्यांचा वेगळा नॉइज चढतो. दुरुस्तीचे गणित प्रकाशाच्या बेरजेवर चालते, आणि जेपेगमध्ये ती बेरीज डोळ्याला बरे दिसावे म्हणून आधीच वाकवलेली असते. म्हणून दुरुस्ती रॉ फाइलवर, शार्पनिंग आणि नॉइज रिडक्शन दोन्ही बंद ठेवून सुरू करावी, हा या पुस्तकातल्या पुढच्या सगळ्या कृतींचा पाया आहे.

यावर जाणकार एक आक्षेप घेतील, आणि तो हलका नाही. १९९० मध्ये अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीचा आरसा कडेला २.२ मायक्रॉनने चुकीचा घासला गेला होता. तिचे फोटो पुसट येत होते, आणि शास्त्रज्ञांनी संगणकाने ते पुष्कळ सुधारले. त्यात रिचर्डसन यांनी १९७२ मध्ये आणि लुसी यांनी १९७४ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेली पद्धतही होती. तीच पद्धत आज छायाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्रास सापडते. मग चुकलेला फोकस का सुधारू नये? पण हबलचा दोष फोकस चुकण्यासारखा नव्हता. तिच्या ठशात मध्यभागी तीक्ष्ण गाभा शिल्लक होता. ताऱ्याचा सुमारे १५ टक्के प्रकाश तिथे येत होता आणि उरलेला भोवती पसरत होता. त्या गाभ्यामुळे बारीक तपशील क्षीण झाला तरी मेला नव्हता. फोकस चुकलेल्या चकतीला असा गाभाच नसतो, ती कडेपर्यंत सारखी पसरलेली असते. हबलचा ठसा ताऱ्यांवरून नेमका मोजता येत होता, आणि आकाशात सगळेच इतके दूर असते की अंतराने तो बदलत नाही. एवढी अनुकूलता असूनही अंधूक वस्तूंच्या बाबतीत गणित अपुरे पडले, आणि डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांना वर जाऊन दुरुस्तीची भिंगव्यवस्था बसवावी लागली. हबलचा दाखला माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाही. गणिताने काय होते आणि कुठे थांबते, हे तो माझ्यापेक्षा चांगले दाखवतो.

दुसरा आक्षेप आजचा आहे. लाखो फोटो पाहून तयार झालेली नवी सॉफ्टवेअर फोकस चुकलेला वाघ एका क्लिकमध्ये केसागणिक स्पष्ट करून देतात, मग ही सगळी आकडेमोड कशाला? त्याचे उत्तर असे, की शून्य झालेल्या मापांच्या जागी ते सॉफ्टवेअर काहीतरी भरते, आणि ते भरलेले या वाघाचे नसून आजवर पाहिलेल्या वाघांच्या सरासरीचे असते. भिंतीवर लावायच्या फोटोला याने काही बिघडत नाही आणि तसा वापर करणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण ‘हा वाघ कोणता?’ या प्रश्नाला सरासरी वाघाचे पट्टे दाखवणे म्हणजे दुसऱ्याच वाघाची साक्ष काढणे आहे. १३ टक्के उरलेला उठाव वाढवणे ही पुनर्प्राप्ती आहे आणि शून्याच्या जागी भरणे ही रचना आहे. दोन्ही एकाच फाइलमध्ये मिसळल्या की नंतर कोणालाही वेगळ्या काढता येत नाहीत.

दुरुस्त केलेल्या फोटोवर एक चाचणी मात्र प्रत्येकाने करावी. दुरुस्त फोटोला मूळचाच ठसा लावून तो पुन्हा पुसट करावा आणि मूळ फोटोतून वजा करावा. दुरुस्ती प्रामाणिक असेल तर वजाबाकीत नुसता सपाट नॉइज दिसेल; पट्ट्यांच्या कडा, वाघाची बाह्यरेषा किंवा समांतर कडी दिसली तर ठसा चुकला आहे किंवा दुरुस्ती जास्त ताणली गेली आहे. या चाचणीची मर्यादाही तितकीच स्वच्छ सांगितली पाहिजे. जी मापे ब्लरने शून्य केली आहेत, त्यांत काहीही भरले तरी पुन्हा पुसट केल्यावर ते शून्यच होते आणि चाचणीत सापडत नाही. म्हणजे नापास झालेला फोटो नक्की वाईट, पण पास झालेला प्रत्येक तपशील खराच असेल असे नाही. फोकस चुकलेल्या फोटोत अशी शून्ये सगळ्या दिशांना असल्यामुळे तिथे ही चाचणी अधिक कमकुवत पडते. या कारणासाठी पुढच्या प्रकरणांत हललेल्या फोटोंना बरीच पाने दिली आहेत आणि चुकलेल्या फोकसला थोडी.

वाचकांना, आणि विशेषतः टिपेश्वरला जाणाऱ्या छायाचित्रकारांना आणि गाइडना, माझी विनंती आहे. वाघ दिसला की आधी जिप्सीचे इंजिन बंद करायला सांगा. पहिल्या फोटोनंतर फोकस कुठे बसला ते मोठे करून पाहा, कारण हललेले काही अंशी परत मिळते आणि चुकलेले बहुतेक मिळत नाही. आणि ओळखीसाठी वनविभागाकडे फोटो द्याल तेव्हा दुरुस्त केलेल्या फोटोबरोबर मूळ फाइल न चुकता द्या.